आजीच्या अंगठीतला लाल खडा : फोटो कुठवर साथ देतो

"ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आजीच्या लग्नातली, १९६४ सालची, सोन्याची अंगठी आता माझ्याकडे आली आहे. मधोमध लंबगोल लाल खडा आहे. एक सराफ म्हणाले काच आहे. दुसरे म्हणाले जुनं बर्मा माणिक आहे, विकायचं असेल तर आत्ता घेतो. चार फोटो जोडलेत. खरं माणिक, काच की लॅबमधलं, हे फोटोवरून सांगता येईल का?"

आधी मला काय वाटतं ते सांगतो, कारणं मागून देतो. काच असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. खडा माणकाच्या जातीचा असावा. पण तो खाणीतून निघालाय की भट्टीत तयार झालाय, हे या चार फोटोंवरून ठरत नाही, आणि किंमतीतला सगळा फरक तिथेच आहे. म्हणून ते ठरेपर्यंत अंगठी कुणालाही देऊ नका.

दोन्ही सराफांनी तुम्हाला एका शब्दात उत्तर दिलं, पण यात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेत. खडा कोणत्या पदार्थाचा आहे? तो पदार्थ जमिनीत तयार झाला की भट्टीत? आणि तयार झाल्यावर त्यावर काही प्रक्रिया केली आहे का? पहिल्या प्रश्नाला फोटो बऱ्यापैकी मदत करतो, दुसऱ्याला नशीब असेल तर, आणि तिसऱ्याला फार क्वचित. लॅबमधलं, म्हणजे भट्टीत तयार झालेलं, माणिक म्हणजे काच नव्हे, हेही इथेच सांगून ठेवतो. खाणीतलं आणि लॅबमधलं, दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइड, दोन्हींचा लाल रंग क्रोमियममुळे. कडकपणा तोच, घनता तीच, चमक तीच. त्यामुळे "चकाकी बघा, अस्सल आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. भट्टीतल्या खड्याची चकाकीही अस्सल माणकाचीच असते.

आता तुमचे फोटो. पहिला फोटो, हातावर ठेवून काढलेला, मला सगळ्यात उपयोगी वाटला. तो मोठा करून सोन्याच्या नख्या बघा. चारही नख्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, एक तर जवळजवळ सपाट आहे. म्हणजे अंगठी रोजच्या वापरातली होती. आता त्याच फोटोत खड्याच्या वरच्या बाजूला दोन पैलू जिथे मिळतात ती कड बघा. ती अजून धारदार आहे, एका सरळ रेषेसारखी. घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचा कडकपणा मोहस् मापावर ७ असतो. काच साधारण ५ ते ६. अशा धुळीत आणि भांडी-कपड्यांत वीस-तीस वर्षं गेलेल्या काचेच्या कडा गोल होतात, त्यांवर बारीक टवके उडतात, वरचा सपाट पैलू धुरकट होतो. गार्नेट या दुसऱ्या लाल खड्याच्या कडाही इतक्या वर्षांत थोड्याफार झिजतात. माणकाचा कडकपणा ९ आहे, त्याच्या कडा टिकतात. नख्या झिजल्या आणि कडा टिकल्या, ही जोडी बघून मी काच मागे टाकली.

पण हा तर्क एका गृहीतावर उभा आहे, की खडा अंगठीइतकाच जुना आहे. मधे कधी खडा पडून दुसरा बसवला असेल, तर धारदार कडा म्हणजे फक्त नवा खडा. आईंना विचारा, अंगठी कधी दुरुस्तीला दिली होती का. फोटो हे सांगू शकत नाही, घरातली माणसं सांगू शकतात.

दुसऱ्या फोटोत खडा आतून एकदम स्वच्छ दिसतो. एक ठिपका नाही, एक धागा नाही. अनेकांना हे वाचून आनंद होतो, मला मात्र सावध व्हावंसं वाटतं. खाणीतल्या माणकात जवळजवळ नेहमी काहीतरी असतं: बारीक स्फटिक, सुयांसारखे धागे, भरून आलेल्या भेगा. पूर्ण स्वच्छ आणि गडद रंगाचं मोठं माणिक निसर्गात फार दुर्मीळ. मात्र या फोटोच्या आधारे मी "खडा स्वच्छ आहे" असंही म्हणणार नाही, कारण लाल खड्याच्या बाबतीत मोबाइल कॅमेरा फसवतो. लाल रंगाची नोंद करणारा भाग प्रकाशाने आधीच काठोकाठ भरतो आणि त्यापुढचे बारीक फरक पुसले जातात. खड्यातल्या रेषा, ठिपके, भेगा एका सपाट लाल डागात बुडतात. वर मोबाइल स्वतःहून रंग चढवतो आणि कडा ठळक करतो. नीलम किंवा पुष्कराजाच्या फोटोत हा त्रास इतका होत नाही.

म्हणून फोटो परत काढा, पण असे. अंगठी साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, खास करून खड्याची पाठ, कारण तिथे वर्षानुवर्षांचा साबण आणि मळ साचलेला असतो. तुमच्या कोंदणाची पाठ उघडी आहे म्हणून हे चालेल. बंद कोंदण असतं तर पाणी लावू नका म्हटलं असतं, कारण खड्याखालचा डाक, म्हणजे चमकीचा पातळ पत्रा, भिजला की कायमचा काळा पडतो. मग पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन खडा पूर्ण बुडवा. पाण्यात पैलूंवरची चमक कमी होते आणि आतलं दिसायला लागतं. बाजूने टॉर्च धरा, टॉर्चवर टिश्यूची एक घडी ठेवा म्हणजे प्रकाश मऊ होईल. स्क्रीनवर खड्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, फोटो अंधारा वाटेपर्यंत. त्या अंधाऱ्या फोटोतच लाल रंगाच्या आतले तपशील उरतात. दहापट भिंग असेल तर ते कॅमेऱ्याच्या मुख्य लेन्सला चिकटवून धरा. खडा वरून तर घ्याच, पण दोन्ही बाजूंनी आणि पाठीकडूनही घ्या.

हे एवढं सविस्तर सांगतोय त्याचं कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. खड्याच्या डाव्या बाजूला दोन फिकट रेषा दिसतात आणि त्या किंचित वाकलेल्या वाटतात. त्या खरंच वाकलेल्या असतील तर विषय संपला, खडा भट्टीतला.

का ते सांगतो. फ्रान्समध्ये ऑगस्त व्हर्न्यूय यांनी १९०२ साली भट्टीत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खालच्या कांडीवर थेंबाथेंबाने साचत जाते. कांडीचं टोक घुमटासारखं गोल असतं, म्हणून प्रत्येक नवा थर त्या घुमटावर गोल बसतो. खडा कापल्यावर हे थर ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र रेषांमध्ये दिसतात. जमिनीत स्फटिक सपाट पृष्ठांनी वाढतो, त्यामुळे त्याच्या वाढीच्या रेषा सरळ असतात, आणि वळल्याच तर कोनात वळतात, गोलाईत नाही. खाणीतल्या माणकात अशी वक्र रेष येत नाही. फोटोतून मिळणारा हा सर्वात पक्का पुरावा आहे.

"अंगठी १९६४ ची, म्हणजे तेव्हा कुठे असलं काही होतं" असं घरात कुणी म्हणेल. तेव्हा या पद्धतीला साठ वर्षं होऊन गेली होती. घड्याळातले 'ज्वेल' म्हणतात ते लाल खडेही याच जातीचे. नौपाड्यात रत्नं तपासायच्या माझ्या टेबलावर आजीच्या, पणजीच्या अंगठ्या येतात आणि त्यांतले कितीतरी लाल खडे व्हर्न्यूय पद्धतीचे निघतात. त्या काळी विकणाऱ्याने फसवलं असेल असंही नाही. अनेकदा ते 'सिंथेटिक' म्हणूनच स्वस्तात घेतलेले असतात आणि दोन पिढ्यांनी ती गोष्ट घरातून पुसली जाते. खडा जुना असणं आणि खडा नैसर्गिक असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता तुमच्या त्या दोन रेषा. रेष आतली की वरची, हे ठरवायची माझी पद्धत साधी आहे. रेष पैलूच्या कडेपाशी येऊन थांबते की कड ओलांडून पुढच्या पैलूत जाते? कडेपाशी थांबत असेल तर ती पॉलिशची रेष आहे किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. कड ओलांडून त्याच वळणाने पुढे जात असेल तर ती खड्याच्या आत आहे. तुमच्या फोटोत त्या नेमक्या कडेजवळ धूसर होतात, त्यामुळे मी तिथे अडकलो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फुगीर पैलूवर वाकडं दिसतं, हेही शक्य आहे. वाटीतल्या पाण्यात, खडा हळूहळू फिरवत, दहा-बारा फोटो काढा. वक्र रेषा एका विशिष्ट दिशेनेच दिसतात, बाकी दिशांनी गायब होतात. त्या वरून क्वचित दिसतात, बाजूने किंवा पाठीकडून जास्त. आणि दिसल्या नाहीत तर? त्याचा अर्थ खडा नैसर्गिक असा होत नाही. फक्त दिसल्या नाहीत, एवढाच. फोटो "हे ते नाही" असं सांगू शकतो, "हे तेच आहे" असं सांगायला कमी पडतो, तो असा.

ठिपक्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. गोल, चकचकीत कडेचे बुडबुडे काचेत असतात आणि व्हर्न्यूय खड्यातही. पण फोटोत ज्याला लोक बुडबुडा म्हणतात तो बहुतेक वेळा धुळीचा कण असतो. पुसून पुन्हा फोटो घ्या. ठिपका हलला तर धूळ.

माणिकच आहे का, हे घरी तपासायला दोन गोष्टी करता येतील. पहिली, पोलराइज्ड गॉगल. खड्याच्या मागे टिश्यू लावलेला टॉर्च ठेवा आणि शेजारी पांढरा कागद. गॉगलची एक काच कॅमेऱ्यापुढे धरून फोटो घ्या, मग खडा आणि कॅमेरा न हलवता गॉगल ९० अंश फिरवून दुसरा घ्या. माणकात एका फोटोत लाल किंचित जांभळट दिसतो, दुसऱ्यात किंचित नारिंगी. काच, गार्नेट आणि माणकासारखाच दिसणारा स्पिनेल यांत हा बदल होत नाही. कागदाचा रंगही बदलला असेल तर तो कॅमेऱ्याचा खेळ समजा आणि जोडी टाकून द्या. बदल दिसला नाही तर खडा दुसऱ्या बाजूने धरून पुन्हा करा, कारण माणकात एक दिशा अशी असते की तिथून रंग फिरत नाही. उजेडासाठी मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा स्क्रीन वापरू नका, त्याचा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो आणि फोटो गोंधळतो.

दुसरी, नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. अंधाऱ्या खोलीत माणिक सहसा निखाऱ्यासारखं लाल पेटतं, गार्नेट मख्ख राहतं. पण हे पेटणं बघून कुणी "बघा, अस्सल बर्मा" म्हणालं तर मान डोलावू नका. भट्टीतलं माणिक सहसा जास्तच जोरात पेटतं, कारण त्यात ही चमक दाबणारं लोह नसतं. या दोन्ही चाचण्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, दुसऱ्याचं नाही.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एका बाईंनी भिंगातून काढलेला माणकाचा फोटो पाठवला. आत बोटाच्या ठशासारखी सुंदर जाळी होती, भरून आलेल्या भेगेची. अशी जाळी नैसर्गिक माणकात मी शेकडो वेळा पाहिली होती. मी लिहून टाकलं, नैसर्गिक दिसतंय. त्या विश्वासावर त्यांनी पैसे भरले. खडा हातात आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्या जाळीच्या मागे वक्र रेषा होत्या. भट्टीतला खडा तापवून एकदम थंड करतात, त्याला भेगा पडतात, मग त्या भेगा रसायनात पुन्हा भरून आणतात. ठसा तयार. फोटोत मला जे बघायचं होतं ते दिसलं, आणि जे फोकसच्या मागे होतं ते दिसलं नाही. त्या दिवसापासून मी फोटोवरून "नैसर्गिक" हा शब्द लिहीत नाही. "भट्टीतलं" लिहितो, पुरावा स्वच्छ असेल तर.

तिसऱ्या प्रश्नातला एक प्रकार तुम्हाला माहीत असायला हवा, कारण आज बाजारात स्वस्त 'नॅचरल' माणिक म्हणून तोच सर्वात जास्त फिरतो. खाणीतलं, पण भेगांनी भरलेलं, जवळजवळ अपारदर्शक माणिक घेतात आणि त्या भेगांत शिशाची काच भरतात. साधारण २००४ पासून हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. शिशाच्या काचेचा वक्रीभवनांक माणकाच्या जवळ जातो, त्यामुळे भेग डोळ्याला दिसेनाशी होते. फोटोत पकडायचं असेल तर खडा टॉर्चखाली हळू फिरवत व्हिडिओ घ्या. भेगेच्या पातळीत क्षणभर निळी किंवा नारिंगी झाक चमकून जाते. स्थिर फोटोत ती निसटते, आणि विकणारा अर्थातच तो कोन टाळतो. भेगेत चपटे, पसरलेले बुडबुडे दिसले तर तेही याचंच लक्षण. ऐरोलीच्या एका ग्राहकाची अशी अंगठी माप वाढवायला सोनाराकडे गेली. सोनाराने खडा न काढता ज्योत लावली, आणि परत आली तेव्हा खड्यावर पांढरट जाळं पसरलं होतं. भेगांतली काच उष्णतेने बाहेर आली होती. लिंबाच्या रसानेही ती खराब होते. तुमचा खडा खरोखर १९६४ चा असेल तर हा प्रकार असणार नाही, पण मधे बदलला असेल तर असू शकतो. म्हणून तपासणीआधी अंगठीचं माप बदलू नका.

साध्या तापवण्याबद्दल मात्र फोटोवरून काही बोलायची माझी तयारी नाही. बाजारातली बहुतेक माणकं रंग सुधारण्यासाठी तापवलेली असतात आणि व्यापारात ते मान्य आहे, फक्त सांगायला हवं. तापवल्यावर आतल्या रेशमासारख्या सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी होतात, काही स्फटिकांभोवती चकतीसारखे ताण उमटतात. हे चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली, खडा फिरवत, बराच वेळ बघावं लागतं. काही प्रक्रिया तर सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. बेरिलियम मुरवून रंग बदललेल्या नीलमांत लेझरने सूक्ष्म नमुना घेऊन मूलद्रव्यं मोजावी लागतात. आणि 'बर्मा' हा शब्द नुसता बघून कुणीच सांगू शकत नाही. रत्नं तपासणाऱ्या मोठ्या लॅबही आतल्या खुणा आणि अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं तपासून उगमाबद्दल मत देतात, आणि अहवालात त्याला मतच म्हणतात. दुकानात उभ्या उभ्या "बर्मा आहे, आत्ता घेतो" म्हणणाऱ्याकडे त्या क्षणी कोणताही पुरावा नव्हता.

तुम्ही आता एवढं करा. आधी आईंना दुरुस्तीबद्दल विचारा. मग वाटीतले फोटो आणि गॉगलची जोडी काढा. वक्र रेषा स्वच्छ दिसल्या तर तपासणीच्या लॅबचा खर्च वाचला. अंगठी आजीची म्हणून जपा, सोन्याची किंमत तर आहेच. रेषा दिसल्या नाहीत आणि गॉगलमध्ये रंग फिरला, तर लॅबचा खर्च करायला कारण आहे. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए या अमेरिकी रत्नसंस्थेची लॅब वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जाण्याआधी फोनवर विचारा, कोंदणात बसलेला खडा घेतात का आणि अहवालात प्रक्रियेचा उल्लेख असतो का. खडा काढायला सांगितला तर नख्या हाताने, अवजाराने उघडणारा जडावकाम करणारा कारागीर शोधा, ज्योत नको.

अंगठी कुणाच्याही हातात देताना पावतीवर तिचं वजन ग्रॅममध्ये दोन दशांशांपर्यंत आणि खड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. तुमच्या चौथ्या फोटोत खड्याच्या कंबरेभोवतीच्या पट्ट्याला, सपाट झालेल्या नखीच्या उजवीकडे, एक अगदी लहान तिरका टवका आहे. त्याचा जवळून एक स्वच्छ फोटो आजच काढून ठेवा. अंगठी परत घेताना तिथेच, काउंटरवर, भिंगाने आधी तो टवका शोधा.